एकच पेग, दोन आकडे

[दृश्य: मोजपात्रात ओतलं जाणारं मद्य. पात्र 60 मिलिलिटरच्या रेषेवर थांबतं.]

60 मिलिलिटर मद्य, 40 टक्क्यांचं. म्हणजे यात शुद्ध अल्कोहोल 24 मिलिलिटर. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलिलिटरचं वजन 0.789 ग्रॅम. त्यामुळे या पात्रात जवळजवळ 19 ग्रॅम अल्कोहोल आहे. हेच 19 ग्रॅम एक पुरुष घेणार आहे आणि एक स्त्री घेणार आहे. दोघांचं वय 30, उंची 165 सेंटिमीटर आणि वजन 65 किलो. वय, उंची, वजन मुद्दाम सारखं धरलं आहे, कारण "बायकांचं वजन कमी असतं, म्हणून त्यांना जास्त चढते" हे उत्तर आपल्याला आधीच बाजूला काढायचं आहे. वजन सारखं असलं तरी स्त्रीच्या रक्तातला अल्कोहोलचा आकडा वरच जातो.

अल्कोहोल शरीरात शिरलं की ते पाणी शोधत जातं. रक्तातलं पाणी, स्नायूंमधलं पाणी, पेशींच्या आतलं आणि बाहेरचं पाणी, या सगळ्यात ते पसरतं. चरबीत मात्र ते फारसं विरघळत नाही. स्नायूंच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, तर चरबीच्या ऊतीत पाणी अगदी थोडं. स्त्रियांच्या शरीरात सरासरीने चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायूंचं कमी असतं. म्हणून 65 किलोच्या स्त्रीच्या शरीरात 65 किलोच्या पुरुषाइतकं पाणी नसतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. छोट्या कुपीतून जड पाण्याची मोजलेली मात्रा दिली जाते. काही तासांनी लाळेचा नमुना.]

हे पाणी मोजता येतं. माणसाला थोडं जड पाणी पाजतात, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे असं पाणी. तीन-चार तासांत ते शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं. मग लाळेत किंवा लघवीत ते किती पातळ झालं आहे ते पाहायचं. जितकं जास्त पातळ, तितकं शरीरात पाणी जास्त. अशा मोजणीतून मिळालेल्या आकड्यांवरून वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली दोन सूत्रं दिली, आणि रक्तातल्या अल्कोहोलचा हिशेब करणारे आजही ती वापरतात.

[पडद्यावर]
पुरुषाचं पाणी, लिटरमध्ये = 2.447 − (0.09516 × वय) + (0.1074 × उंची) + (0.3362 × वजन)
स्त्रीचं पाणी, लिटरमध्ये = −2.097 + (0.1069 × उंची) + (0.2466 × वजन)

आपल्या दोघांचे आकडे घालू. पुरुषाच्या शरीरात 39.2 लिटर पाणी येतं, स्त्रीच्या शरीरात 31.6 लिटर. वजन तेच असून साडेसात लिटरचा फरक.

आता 19 ग्रॅम अल्कोहोल या पाण्यात पसरू द्या. पुरुषात दर लिटर पाण्यामागे 0.48 ग्रॅम, स्त्रीत 0.60 ग्रॅम. रक्त म्हणजे नुसतं पाणी नव्हे, त्यात पाण्याचा वाटा साधारण 80 टक्के, म्हणून दोन्ही आकड्यांना 0.8 ने गुणायचं. पुरुषाच्या 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 39 मिलिग्रॅम अल्कोहोल, स्त्रीच्या रक्तात 48. जवळपास पाव पटीने जास्त, आणि यात अजून एकाही एन्झाइमचं नाव घेतलेलं नाही.

स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी 1932 साली हाच फरक एका गुणकात मांडला होता. शरीराच्या वजनाला या गुणकाने गुणलं की अल्कोहोल जणू किती किलो रक्तात पसरलं आहे ते कळतं. पुरुषांसाठी सरासरी गुणक 0.68, स्त्रियांसाठी 0.55. न्यायवैद्यक तज्ज्ञ आजही यावरून हिशेब मांडतात. या दोन आकड्यांतलं अंतर आपल्या वरच्या हिशेबाशी जुळतं, आणि पाणी हेच मुख्य कारण आहे असं ठामपणे म्हणण्याचा आधार तोच आहे.

प्रत्यक्षात दोघांची वजनं आणि उंची बहुधा सारखी नसते. 170 सेंटिमीटर, 70 किलोचा पुरुष आणि 157 सेंटिमीटर, 55 किलोची स्त्री घ्या, वय दोघांचं 30. पुरुषाचं पाणी 41.4 लिटर, स्त्रीचं 28.2. त्याच 60 मिलिलिटरमुळे त्याचा आकडा 37 आणि तिचा 54 येतो. पुष्कळ देशांत गाडी चालवण्याची मर्यादा 50 आहे. कागदावर तिने ती ओलांडली, तो बराच खाली राहिला. कागदावर असं म्हणतोय, कारण सगळं अल्कोहोल एका क्षणात रक्तात पोचलं असं या हिशेबात धरलेलं आहे. खरं तर ते शोषलं जात असतानाच यकृत त्याचा निचरा करत असतं, त्यामुळे मोजलेला सर्वोच्च आकडा यापेक्षा काहीसा खाली असतो. दोघांमधलं अंतर मात्र राहतं.

[दृश्य: जठराची आकृती. आतल्या अस्तरावर प्रकाश.]

एन्झाइमची गोष्ट इथून सुरू होते. अल्कोहोल मोडण्याचं पहिलं काम अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम करतं. ते त्याचं अॅसिटाल्डिहाइड बनवतं. या एन्झाइमचा मोठा साठा यकृतात, पण थोडं जठराच्या अस्तरातही असतं. प्यायलेलं अल्कोहोल आधी जठरातून आणि मग यकृतातून जातं, आणि त्यानंतरच सगळ्या शरीरभर फिरतं. या पहिल्या फेरीत जेवढं मोडलं जातं, तेवढं रक्ताच्या आकड्यात कधी दिसतच नाही.

हे मोजायचं कसं? एकाच माणसाला एक दिवस अल्कोहोल पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच शिरेतून द्यायचं. शिरेतून दिलेलं जठराला टाळून जातं. दोन्ही दिवशी ठराविक अंतराने रक्त घेऊन आलेख काढायचा. दोन आलेखांखालच्या क्षेत्रफळातला फरक म्हणजे पहिल्या फेरीत मोडलेलं अल्कोहोल.

1990 साली फ्रेझा, लिबर आणि सहकाऱ्यांनी 20 पुरुष आणि 23 स्त्रियांवर असा अभ्यास प्रसिद्ध केला. मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे 0.3 ग्रॅम. दुर्बिणीने जठराच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून त्यातल्या एन्झाइमची ताकदही तपासली. स्त्रियांच्या जठरातली ही ताकद पुरुषांच्या 59 टक्के निघाली, आणि पहिल्या फेरीत मोडणाऱ्या अल्कोहोलचं प्रमाण पुरुषांच्या तुलनेत अवघं 23 टक्के.

हे 23 टक्के ऐकून बरेच जण इथेच फसतात. स्त्रीच्या रक्तात पुरुषाच्या चौपट अल्कोहोल पोचतं, असा याचा अर्थ लावला जातो, आणि तो चुकीचा आहे. तुलना फक्त त्या पहिल्या फेरीतल्या भागाची आहे, आणि तो भाग मुळातच लहान. 65 किलोच्या माणसाला किलोमागे 0.3 ग्रॅम म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम, आपल्या पेगइतकंच. समजा पुरुषाने त्यातले दोन ग्रॅम वाटेतच मोडले आणि स्त्रीने अर्धा ग्रॅम. तर फरक पडला दीड ग्रॅमचा. पाण्यामुळे पडणारा फरक याहून कितीतरी मोठा आहे. दोन ग्रॅम हा आकडा इथे फक्त समजण्यापुरता धरला आहे. तो भाग नेमका किती, आणि त्यातला किती जठराचा आणि किती यकृताचा, यावर संशोधकांमध्ये पुढे बराच वाद झाला.

जठराचा हा वाटा परिस्थितीप्रमाणे बदलतो, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मात्रा लहान असेल आणि पोट भरलेलं असेल, तर अल्कोहोल जठरात रेंगाळतं आणि एन्झाइमला वेळ मिळतो. रिकाम्या पोटी ते भराभर लहान आतड्यात उतरतं. तिथे ते झपाट्याने शोषलं जातं आणि यकृतावर एकदम येऊन धडकतं, तेव्हा पहिल्या फेरीचा हा फायदा स्त्री असो वा पुरुष, जवळपास नाहीसा होतो. म्हणून रिकाम्या पोटी घेतलेल्या मोठ्या मात्रेत दोघांमधल्या फरकाचं कारण जवळजवळ सगळंच पाणी असतं.

[दृश्य: दोन आलेख शेजारी शेजारी. दोन्ही हळूहळू खाली उतरतात.]

यकृताबद्दलही एक गैरसमज आहे. स्त्रियांचं यकृत अल्कोहोल हळू मोडतं, असं समजलं जातं. मोजमापं तसं सांगत नाहीत. पुरुषांच्या रक्तातला आकडा तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरतो, स्त्रियांच्या रक्तातला त्याहून किंचित वेगाने, 18 च्या आसपास. कारण पुन्हा पाणीच. शरीरातल्या पाण्याच्या मानाने स्त्रीचं यकृत लहान नसतं. ग्रॅममध्ये मोजलं तर आपल्या 65 किलोच्या दोघांचं यकृत तासाला साधारण सात-सात ग्रॅमच मोडतं. तेच सात ग्रॅम कमी पाण्यातून निघतात, म्हणून तिचा आकडा जास्त वेगाने पडतो.

त्यामुळे 48 वरून शून्यावर यायला तिला सुमारे पावणेतीन तास लागतात आणि 39 वरून त्यालाही तितकेच, थोडेसे कमी. रक्त साफ व्हायला दोघांना जवळपास सारखा वेळ लागतो, पण तो सगळा वेळ तिचा मेंदू जास्त तीव्र अल्कोहोलमध्ये असतो. 55 किलोच्या स्त्रीचं गणित वेगळं येतं. तिला 54 वरून उतरायला तीन तास, आणि 70 किलोच्या पुरुषाला 37 वरून अडीच.

दोघांचा आकडा सारखा यायला मात्रा किती लागेल, हेही याच सूत्रातून निघतं. 65 किलोच्या जोडीत त्याच्या 60 मिलिलिटरला तिचे 48 मिलिलिटर. 55 आणि 70 किलोच्या जोडीत तिचे 41. यावरून स्वतःपुरती सुरक्षित मात्रा मात्र ठरवू नये. ही सूत्रं सरासरीची आहेत. खेळाडू स्त्रीच्या शरीरात बैठ्या, स्थूल पुरुषापेक्षा दर किलोमागे जास्त पाणी असू शकतं, आणि तेव्हा फरक उलटाही होतो. वजन आणि लिंग विचारून आकडा सांगणारी मोबाइल ॲप याच सरासरीवर चालतात, तुमच्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती हे त्यांना ठाऊक नसतं.

वयाचाही यात हात आहे. पुरुषाच्या सूत्रात वय वजा होतं, दर वर्षाला जवळपास 95 मिलिलिटर पाणी. तोच 65 किलोचा पुरुष 70 वर्षांचा झाला की त्याचं पाणी 39.2 वरून 35.4 लिटरवर येतं, आणि त्याच पेगचा त्याचा आकडा 39 वरून 43 वर जातो. वॉटसनच्या स्त्रियांच्या सूत्रात वयाचा भाग नाही, तिचा आकडा 48 च राहतो. तरुणपणी नऊ मिलिग्रॅमचं असलेलं अंतर म्हातारपणी पाचावर येतं.