आरटीपी 96 टक्के: कुणासाठी, किती स्पिननंतर?

स्लॉट मशीनच्या माहितीपानावर ‘आरटीपी 96 टक्के’, म्हणजे खेळाडूंना 96 टक्के परतावा, असे लिहिलेले असते. शंभर क्रेडिट घेऊन बसलो तर 96 परत मिळतील, असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात. परंतु हा आकडा सोबत आणलेल्या रकमेवर नव्हे, तर लावलेल्या एकूण पैजांवर मोजलेला असतो. दर स्पिनला 1 क्रेडिट लावत, जिंकलेले पुन्हा खेळत 500 स्पिन झाले, तर एकूण पैज 500 क्रेडिटची होते आणि तिच्यावरचे सरासरी नुकसान 20 क्रेडिट, म्हणजे आणलेल्या शंभरांचा पाचवा हिस्सा.

ही सरासरीसुद्धा प्रत्यक्षात फार थोड्यांच्या वाट्याला येते. समजा, या खेळातले सर्वांत मोठे बक्षीस पैजेच्या 2000 पट आहे आणि ते लागण्याची शक्यता 50,000 स्पिनमध्ये एकदा आहे. 2000 ला 50,000 ने भागले की 0.04 येतात, म्हणजे 96 पैकी 4 टक्के या एकट्या बक्षिसातून येतात. 500 स्पिन खेळणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण एकालाच ते लागेल. उरलेल्या नव्व्याण्णव जणांसाठी हा खेळ 92 टक्क्यांचाच ठरतो, आणि त्यांचे सरासरी नुकसान 20 नव्हे, 40 क्रेडिट होते. त्यातही लहान बक्षिसांच्या चढउतारामुळे कुणी नफ्यात उठेल, तर कुणाची शिल्लक 500 स्पिन होण्याआधीच संपेल. छापलेला आकडा खोटा नसतो, पण तो एकेका खेळाडूच्या एका संध्याकाळीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दहा लाख स्पिनचे चित्र वेगळे असते. तिथे ते मोठे बक्षीस सरासरी 20 वेळा लागते. 20 ऐवजी 15 वेळाच लागले, तर परतावा एका टक्क्याने घसरून 95 वर येतो. एक कोटी स्पिनमध्ये ते 200 च्या आसपास लागते आणि 14 वेळा कमी किंवा जास्त लागले, तरी परताव्यात 0.3 टक्क्याहूनही कमी फरक पडतो. म्हणूनच 96 हा आकडा खेळाच्या मालकाच्या हिशेबात दिसतो, कारण सगळ्या खेळाडूंचे स्पिन तिथे एकत्र जमतात.

यावरून, आज हरलेले पैसे मशीन पुढे भरून काढेल, असे मात्र समजू नये. प्रत्येक स्पिन मागच्यापासून स्वतंत्र असतो. सुरुवातीला गेलेले 200 क्रेडिट कोणी परत करत नाही. एक कोटी क्रेडिटच्या पैजेत ते 0.002 टक्के होतात आणि टक्केवारीत दिसेनासे होतात, खेळाडूच्या खात्यातून मात्र ते गेलेलेच असतात.