नकाशातला टक्का आणि वजनकाट्यावरचा टक्का

(फोंडा येथे घर बांधणारे आणि साइट सुपरवायझर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी आमच्या एका घराचं काम होतं, तळमजला आणि वर एक. इंजिनिअरच्या नकाशावर कॉलमखाली लिहिलं होतं, लोखंड १.२ टक्के. मी तोच आकडा धरून सळईचा अंदाज काढला आणि मालकाला पैसे सांगितले. पहिला स्लॅब पडायच्या आत मला दुसरी गाडी मागवावी लागली. मालकाने त्यासाठी ठेवलेले पैसे खिडक्यांचे होते. ते मला अजून बोचतं, म्हणून आज याच एका टक्क्याबद्दल बोलतो.

हिशोब साधा आहे. एक घनमीटर लोखंडाचं वजन ७८५० किलो. म्हणजे एक घनमीटर काँक्रीटमागे एक टक्का लोखंड धरलं, तर साडेअठ्ठ्याहत्तर किलो. काँक्रीटचं घनफळ काढा, टक्क्याने गुणा, ७८.५ ने गुणा. यात चूक होत नाही. चूक होते ती कुठला टक्का घ्यायचा, यात.

नकाशातला टक्का हा कॉलमच्या आडव्या छेदाचा असतो. कॉलम आडवा कापला तर उभ्या सळयांचं क्षेत्रफळ किती, एवढंच तो सांगतो. काँक्रीटच्या बांधकामाच्या आयएस ४५६ या मानकात किमान ०.८ टक्के म्हटलंय, तेही याच अर्थाने. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा त्यात नाहीत, सळईला सळई जोडताना एकमेकींशेजारी येणारा लॅप नाही, मधले लिंक नाहीत. ते सगळं मात्र दुकानातून वजनावर विकत घ्यावं लागतं.

आता एक कॉलम घेऊ. ३०० बाय ४५०, मजल्याची उंची ३ मीटर. कॉलम भिंतीत लपावा म्हणून आपल्याकडे ९ इंची कॉलमचा हट्ट असतो. पण भूकंपाच्या नकाशात, आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार, गोवा झोन तीनमध्ये येतो, आणि आयएस १३९२० ला कॉलमची लहान बाजू निदान ३०० मिलिमीटर हवी असते. म्हणून मी ३०० घेतोय. घनफळ आलं ०.४०५ घनमीटर. त्यात १६ मिलिमीटरच्या ८ सळया. छेदाचा टक्का १.१९.

१६ ची सळई मीटरला १.५८ किलो भरते. सळया ३ मीटर उंचीपुरत्या धरल्या तर ८ गुणिले ३ गुणिले १.५८, म्हणजे सुमारे ३८ किलो. मी तेव्हा नेमका इथेच थांबलो होतो.

आता लॅप. १६ च्या सळईला जाडीच्या ५० पट, म्हणजे ८०० मिलिमीटर. आठ सळयांचा लॅप १० किलो. हा लॅप मजल्याच्या उंचीच्या चौथ्या भागाहून जास्त आहे. सळई २५ ची असती तर लॅप सव्वा मीटरचा झाला असता. म्हणून छेदाचा टक्का सारखा असला तरी जाड सळईचा कॉलम जास्त वजन खातो.

मग रिंगा. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला ४५० मिलिमीटरमध्ये ७५ च्या अंतराने, बीमच्या सांध्यातही तशाच, मधल्या भागात थोड्या विरळ, पण लॅपजवळ पुन्हा दाट. सगळ्या मिळून ३२ रिंगा. ८ मिलिमीटरची एक रिंग, हुक धरून १.३ मीटर, असे १६ किलो. मधल्या सळया धरणारे दोन लिंक प्रत्येक रिंगेबरोबर, आणखी १२ किलो. बेरीज करा: ७६ किलो.

७६ ला ०.४०५ ने भागलं तर घनमीटरला जवळपास १८८ किलो येतं, म्हणजे २.४ टक्के. नकाशात १.१९ आणि गाडीत २.४! अंदाज दुप्पट चुकतो. असे १२ कॉलम असतील तर एका मजल्याला साडेचारशे किलोच्या वर कमी पडतं.

म्हणून घनमीटरला १३० किलोच्या आत अंदाज आला, की लॅप किंवा रिंगा विसरल्या का ते आधी बघा. वाया जाणारं लोखंड वेगळं धरा. बारा मीटरच्या सळईतून ३.८ चे तीन तुकडे निघतात आणि ६० सेंटिमीटर उरतं, म्हणजे ५ टक्के. ते तुकडे कुठे वापरले जात नसतील, तर तेवढं भंगारात जातं.

हा २.४ टक्का सगळीकडे चालत नाही. मोठ्या कॉलममध्ये रिंगांचा वाटा कमी होतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर पुढे लॅप नसतो, सळई बीममध्ये वळवून संपते, त्यामुळे टक्का उतरतो. उलट फुटिंगपासून प्लिंथपर्यंतच्या दीड मीटरच्या तुकड्यात काँक्रीट थोडं आणि लॅप तोच, शिवाय खाली वळवलेला पाय. त्या तुकड्याचं वजन मी टक्क्याने काढत नाही, सळई मोजूनच लिहितो.