बेरीज जुळते, मग पत्र कशाला?

मंडळी, अध्यक्षांनी वीस मिनिटं दिलीत. बाहेर शेवभाजीचा वास सुटलाय, म्हणजे तुमच्या हिशोबाने दहाच. विषय एवढाच: गोडाऊनमधली मोजणी सिस्टिमशी जुळली नाही की गोडाऊनवाल्यांना पत्र कसं लिहायचं.

आमचा ठिबकच्या नळ्यांचा धंदा, माल ठेवतो धुळे रस्त्यावरच्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये. वर्षातून एकदा सगळं मोजण्यापेक्षा आम्ही दर आठवड्याला थोडे थोडे आयटम मोजतो, म्हणजे सायकल काउंट. एकदा सोळा एमएमची, दर ४० सेंटीमीटरवर ड्रिपर असलेली कॉइल सिस्टिममध्ये ८६ आणि जागेवर ७४ निघाली. ५० सेंटीमीटरची सिस्टिममध्ये ३१, जागेवर ४३. मी तावातावाने लिहिलं, 'माल कमी आहे, त्वरित खुलासा करा.' शेवटी 'गंभीर' हा शब्दही टाकला, त्याने जोर येतो असं वाटायचं. गोडाऊनवाल्यांचं उत्तर एका ओळीचं: 'भाऊ, बारा कमी, बारा जास्त, बेरीज जुळते. सिस्टिममध्ये दुरुस्ती केली आहे.'

हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी हे उत्तर मान्य केलंय! दोन्ही कॉइल बाहेरून सारख्याच काळ्या, फरक फक्त लेबलवर. मागच्या मोजणीत, तीन आठवड्यांपूर्वी, दोन्ही आकडे बरोबर होते. त्यानंतर दोन्हींपैकी एकाचीही आवक नव्हती, परत आलेला मालही नव्हता. म्हणजे घोळ जावकेतच. चलनं चाळली तर ५० च्या बरोबर बारा कॉइलचं एकच चलन निघालं, रावेरकडचं. उचलणाऱ्याने ४० च्या कॉइल गाडीत टाकल्या आणि सिस्टिमने ५० च्या वजा केल्या. तिकडे केळीच्या शेतात चुकीच्या नळ्या अंथरायची तयारी चाललेली आणि इकडे आमची बेरीज जुळलेली. दुरुस्ती आधीच झाल्यामुळे मूळ फरक सिस्टिमवर दिसेना, माझ्या वहीत होता म्हणून वाचलो.

चिठ्ठी आली वाटतं. बरं, पत्रात काय लिहायचं ते पटकन सांगतो.

मोजणीची तारीख आणि वेळ लिहा, तेव्हा इनवर्ड-डिस्पॅच थांबवलं होतं का तेही. प्रत्येक आयटमची ओळ वेगळी: लॉट, रॅक, सिस्टिमचा आकडा, मोजलेला आकडा, फरक. नग की पेटी ते स्पष्ट करा. कमी आणि जास्त एकमेकांत वळते करू नका. दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजलं असेल तर तेही लिहा. चोरी हा शब्द टाळा. तो आला की समोरचा कागद शोधायचं सोडून वकील शोधतो.

मागणी नेमकी करा: मागच्या बरोबर मोजणीपासून आजपर्यंतच्या इनवर्ड नोंदी, पिक स्लिप, चलनं, परत आलेला माल आणि सिस्टिममध्ये हाताने केलेल्या दुरुस्त्या, कोणी आणि कधी केल्या त्यासकट. उत्तराची तारीख द्या. तपास होईपर्यंत सिस्टिममधला आकडा बदलू नका आणि त्या रॅकवरून माल काढू नका, हे ठळक लिहा. आणि सीसीटीव्हीचं चित्रण पत्राची वाट न बघता आधी फोन करून राखून ठेवायला सांगा, कारण जुन्यावर नवं चढत जातं. आमच्या त्या डिस्पॅचचं तसंच पुसलं गेलं होतं. हो अध्यक्षमहाराज, बसतो.