शंभरातले ८३ : पाण्याच्या एका थेंबाचा हिशोब

(दृश्य: दादरच्या एका कॉलेजची केमिस्ट्री लॅब. बाहेर पाऊस. टेबलावर तळहातावर मावेल एवढा फ्युएल सेल, त्याला दोन पारदर्शक नळ्या, शेजारी छोटा पंखा फिरतोय.)

हा जो पंखा फिरतोय ना, तो हायड्रोजनवर फिरतोय. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन, मधे प्लॅटिनम लावलेला एक पातळ पडदा. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन वायरमधून फिरून पलीकडे जातात, प्रोटॉन पडद्यातून सरळ जातात, आणि पलीकडे ऑक्सिजनला भेटून पाणी होतं. जाळ नाही, आवाज नाही. बाहेर पडतं ते हे एवढंच.

(दृश्य: अगदी जवळून, निघायच्या नळीच्या टोकाला एक थेंब लटकलाय.)

आज आपल्याला फक्त ह्या थेंबाचा हिशोब करायचाय. हा बनताना किती एनर्जी सुटली, त्यातली किती वीज होऊ शकली असती, आणि प्रत्यक्षात किती झाली. मी गेली कित्येक वर्षं हे फळ्यावर शिकवतोय, पण खरं सांगतो, थेंब समोर ठेवून आकडे मांडले की पोरांना जे कळतं ते नुसत्या फळ्यावर कळत नाही.

आपण सेल अर्धा अँपिअर करंटवर २० मिनिटं चालवला. म्हणजे ६०० कुलोंब चार्ज गेला. हायड्रोजनचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, एक मोल हायड्रोजनमागे १,९२,९७० कुलोंब, भागाकार केला की ०.००३११ मोल येतात. तेवढ्याच मोलचं पाणी झालं, वजन ५६ मिलिग्रॅम. एक थेंब. म्हणजे चार्ज मोजला की थेंब न तोलताच कळतो, आणि मला ही गोष्ट आजही फार सुंदर वाटते.

आता एनर्जी. एक मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन मिळून द्रव पाणी झालं की २८५.८ किलोज्यूल सुटतात. ही एन्थाल्पी, ΔH. हाच हायड्रोजन नुसता जाळला असता आणि पाणी पुन्हा थंड होऊ दिलं असतं तर एवढी उष्णता मिळाली असती. आपल्या थेंबाच्या वाट्याला त्यातले ८८९ ज्यूल येतात. (आकडे २५ अंशाचे आहेत, आज लॅबमध्ये ३० आहे, पण त्याने इथे काही बिघडत नाही.)

मग ह्या ८८९ ज्यूलची सगळीच वीज का होऊ नये? सेल अगदी आदर्श धरा, घर्षण नाही, गळती नाही, सगळं हवं तितकं सावकाश. तरी नाही होत. आणि हे मशीनचं दुखणं नाहीये, ते पाण्याच्या बनण्यातच आहे.

(दृश्य: फळा. खडूने लिहिलेलं: ΔG = ΔH − TΔS)

बघा, आधी काय होतं? दीड मोल वायू. सगळीकडे भरधाव पळणारे रेणू, एवढ्या जागेत की एका मोठ्या बादलीतही मावायचे नाहीत. नंतर काय राहिलं? १८ ग्रॅम पाणी, जेमतेम चार चमचे. पसारा आवरला गेला, म्हणजे एन्ट्रॉपी कमी झाली. किती, तेही मोजता येतं. एक मोल हायड्रोजनची एन्ट्रॉपी १३०.७, अर्ध्या मोल ऑक्सिजनची १०२.६, आणि द्रव पाण्याची फक्त ७०. वजाबाकी केली की १६३.३ ज्यूल प्रति केल्विन एवढी घट.

आता निसर्ग एन्ट्रॉपी अशी फुकट कमी होऊ देत नाही, आत जेवढी घटली निदान तेवढी बाहेर वाढवावीच लागते, आणि बाहेर वाढवायचा रस्ता एकच, आजूबाजूला उष्णता सोडायची. किती सोडायची? १६३.३ ला तापमानाने गुणा, २९८ केल्विनने, की ४८.७ किलोज्यूल. एवढी रक्कम उष्णता म्हणून जाणारच. उरले २३७.१ किलोज्यूल. हीच गिब्ज एनर्जी, ΔG, वीज म्हणून जास्तीत जास्त मिळू शकेल ती.

पगाराचं उदाहरण इथे चपखल बसतं. ΔH म्हणजे ऑफर लेटरवरचा आकडा, ΔG म्हणजे महिन्याला खात्यात येणारा. मधली कपात तुमच्या हातात यायच्या आधीच झालेली असते, तुम्ही कितीही काटकसर करा, ती वाचत नाही. २३७.१ भागिले २८५.८, म्हणजे ०.८३. शंभरातले ८३. आपल्या थेंबाचे ८८९ ज्यूलमधले १५१ कापले गेले, ७३७ हातात येऊ शकले असते.

पोरं इथे एक चूक हमखास करतात. ΔH किलोज्यूलमध्ये असतो आणि ΔS ज्यूलमध्ये, हजाराने भागायचं राहून जातं, मग २८५ मधून ४८ हजार वजा होतात आणि उत्तर भलतंच येतं. ΔG चा आकडा ΔH पेक्षा कितीतरी पट मोठा दिसला की तिथेच थांबा, आधी एककं बघा.

आणि ही कपात खरंच पसाऱ्यामुळेच होते का, हे तपासायचं असेल तर कार्बन घ्या. कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो तेव्हा एक मोल वायू आत, एक मोल वायू बाहेर, पसारा जवळपास तेवढाच, उलट किंचित वाढतो. तिथे ΔH ३९३.५ आणि ΔG ३९४.४. म्हणजे कागदावर शंभर टक्क्यांहून जरासं जास्तच! ती वरची एनर्जी आजूबाजूची उष्णता ओढून घेऊन येते, त्यामुळे कुठलाही नियम मोडत नाही. पाण्याच्या बाबतीत १७ टक्के का गेले ते ह्या एका तुलनेतून पक्कं बसतं.

(दृश्य: मल्टिमीटरचा डिस्प्ले, पंखा सुटा केलेला. आकडा ०.९५ च्या आसपास.)

आता हेच व्होल्टमध्ये आणू. २३७.१ किलोज्यूलला १,९२,९७० कुलोंबने भागा, १.२३ व्होल्ट. आदर्श सेलने एवढं दाखवायला हवं. आणि २८५.८ ला भागलं तर १.४८, सगळ्या एन्थाल्पीची वीज झाली असती तर दिसला असता तो काल्पनिक व्होल्टेज. हे १.४८ लक्षात ठेवा, फार कामाचं आहे. सेलचा कुठलाही व्होल्टेज घ्या, १.४८ ने भागा, एफिशिअन्सी समोर. इथेच दिसतं की तापवून ह्या सेलचा काही फायदा नाही, तापमान वाढलं की TΔS ची कपात वाढते आणि १.२३ मधून दर अंशाला साधारण ०.८५ मिलिव्होल्ट गळत जातात. ८० अंशाला आदर्श आकडा १.१८ वर येतो. गरम भट्टीवर चालणाऱ्या इंजिनाचं बरोबर उलटं, त्याला भट्टी जितकी तापेल तितकं बरं असतं. तरी गाड्यांमधले सेल ८० अंशाच्या आसपास चालवतात ते रिअ‍ॅक्शनला वेग यावा म्हणून, कागदावरची ती मर्यादा थोडी सोडून देऊन.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ह्यात मोठी माणसंसुद्धा फसतात. पाणी द्रव न धरता वाफ धरलं तर? मग ΔH २४१.८ होतो आणि ΔG २२८.६, भागाकार ९४.५ टक्के. सेल तोच, हायड्रोजन तोच, आणि ८३ चे ९४.५ झाले. हे खोटं नाही, वाफ थंड होताना जी ४४ किलोज्यूल उष्णता सुटते ती हिशोबात धरली नाही इतकंच. इंजिनवाले बरेचदा असंच मोजतात कारण त्यांची वाफ धुरांड्यातून निघूनच जाते. पण काही जण वर द्रव पाण्याचा २३७.१ घेतात आणि खाली वाफेचा २४१.८, आणि येतात ९८ टक्के. हे मात्र चूक आहे, वर थेंब आणि खाली वाफ असं चालत नाही. म्हणून कुणी टक्केवारी सांगितली की आधी विचारायचं, कशाने भागलं? १.४८ ने की १.२५ ने? वाफेच्या हिशोबात १.४८ च्या जागी १.२५ येतो, ह्या एका प्रश्नात सगळं उघड होतं.

(दृश्य: पंखा पुन्हा जोडलाय. मीटरवर ०.६०.)

आणि हा आपला खराखुरा सेल. मोकळा असताना १.२३ ऐवजी ०.९५, कारण थोडा हायड्रोजन पडद्यातून चोरट्या वाटेने ऑक्सिजनकडे पोचतो, आणि ऑक्सिजनची रिअ‍ॅक्शन प्लॅटिनमवरसुद्धा फार रेंगाळते. लोड लावला की ०.६०. सहाशे कुलोंब गुणिले ०.६, म्हणजे ३६० ज्यूल वीज. ८८९ पैकी ३६०, चाळीस टक्के. बाकीचे ५२९ ज्यूल उष्णता झाले. त्यातले १५१ गिब्जने आधीच कापलेले, त्याबद्दल काही करता येत नाही. उरलेले ३७७ मात्र ह्या सेलचे, इथे अजून सुधारणेला जागा आहे, आणि मला वाटतं कॉलेजात ८३ टक्के पाठ करून घेतात पण ही फोड करून दाखवत नाहीत ही मोठी उणीव आहे.

ह्या ३७७ मध्ये कधीकधी पाण्याचाच हात असतो. शूटिंगच्या वेळी बारा-तेरा मिनिटांनी मीटर ०.६० वरून ०.५४ वर घसरला, पंख्याचा आवाज बसला. लॅबमधले काका म्हणाले, सर, आत पाणी अडकलंय. त्यांनी ऑक्सिजनच्या बाजूची क्लिप क्षणभर सैल केली, एक थेंब फटकन बाहेर आला आणि आकडा परत ०.६० वर. ओळख हीच. थेंब निघाल्यावर व्होल्टेज लगेच सावरला तर वाट पाण्याने अडली होती, नाही सावरला तर पडदा किंवा प्लॅटिनम तपासायला घ्या.

(दृश्य: हायड्रोजनची नळी. पाण्याची पातळी चढलेली. काका बोटाने खुणेकडे दाखवतायत.)

शेवटी नळी वाचली. हिशोबाने ३० अंशाला ७७ मिलिलीटर हायड्रोजन जायला हवा होता, गेला ८२. क्लिप तर ऑक्सिजनच्या बाजूची सैल केली होती, हायड्रोजनची उघडलीच नव्हती. पोरं लगेच म्हणाली, सर लीकेज! पाच मिलिलीटर गळले असते तर मलाही काळजी वाटली असती. पण हा गॅस पाण्यावर साठवलेला आहे, आणि ३० अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब ४.२ किलोपास्कल असतो, हवेच्या दाबाच्या साधारण चार टक्के. म्हणजे ८२ मधले साडेतीन मिलिलीटर हायड्रोजन नव्हताच, वाफ होती. कोरडा हायड्रोजन ७८.५ च्या आसपास. राहिला फरक दीड मिलिलीटरचा, तो पडद्यातून पलीकडे गेला, काही वीज न देता.