माऊली

नागपूरहून कळमेश्वर ओलांडून पुढे गेलं की धापेवाडा लागतं. विदर्भाचं पंढरपूर. इथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. आषाढात इथे दिंड्या येतात.

मंदिराच्या पायऱ्यांवर एक म्हातारे वारकरी वाकतात आणि समोरच्या आठ-दहा वर्षांच्या पोराच्या पायांना हात लावतात. "माऊली!" पोरगं गोंधळतं, मग तेही वाकतं. "माऊली!"

आपल्या वऱ्हाडी बोलीत आईला माय म्हणतात. माऊलीही त्याच घरची. संस्कृत 'मातृ'चं प्राकृतात 'माउ' झालं आणि त्याला लाडाचा 'ली' लागला. म्हणजे नुसती आई नव्हे, जिच्या कुशीत शिरावं ती आई.

मग हा शब्द संतांना कसा लागला? त्यासाठी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय उघडावा लागतो. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मधला हा ग्रंथ. या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानदेव गुरूच्या कृपादृष्टीला हाक मारतात. दृष्टी हा शब्दच स्त्रीलिंगी; तिथून ती पाहता पाहता आई होते. ती साधकाला मांडीवर वाढवते, हृदयाकाशाच्या पाळण्यात झोके देते, अंगावर पाजते, अनाहत नादाची अंगाई गाते. अंगाईला ज्ञानदेवांचा शब्द आहे 'हल्लरु'. योगशास्त्रातले इतके अवघड अनुभव, पण सांगितले ते बाळंतिणीच्या खोलीतल्या भाषेत! मला तर हे वाचताना दर वेळी पाळण्याची दोरी दिसते.

आणि मग ओवी येते:

"म्हणौनि साधकां तूं माउली । पिके सारस्वत तुझिया पाउलीं । या कारणें मी साउली । न संडीं तुझी ॥"

तू साधकांची आई आहेस, तुझ्या पावलांशी विद्या पिकते, म्हणून मी तुझी सावली सोडत नाही. यातला 'म्हणौनि' महत्त्वाचा. आधी पाजणं, जोजवणं, खेळवणं. माउली हे नाव त्यानंतर. आई लेकराची लायकी विचारून पाजत नाही. गुरूची कृपाही तशीच, असं ज्ञानदेवांना म्हणायचं आहे.

पुढे लोकांनी हेच नाव ज्ञानदेवांना दिलं. संस्कृत न येणाऱ्यांसाठी त्यांनी गीता मराठीत आणली होती. मोठा घास बारीक करून भरवावा, तशी.

विदर्भात हे नातं एकाने शब्दशः जगून दाखवलं. 1881 साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गुलाबराव महाराज. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत. पुरुषाने पुरुषाची लेक व्हावं, यात त्यांना काही अवघड वाटलं नाही.

धापेवाड्याच्या पायरीवर ते पोरगं आता आईच्या पदराला धरून उभं आहे. मागून कुणीतरी वाट मागतं:

"माऊली, जरा सरकता का?"

आई आणि पोरगं, दोघंही सरकतात.