शेरवानी, अचकन आणि बंदगळा: एका मापाचे तीन कोट

(दृश्य: हँगरला टांगलेले तीन काळे कोट. कॅमेरा फक्त कॉलरवर.)

तीन कोट, तिघांनाही उभी कॉलर. एवढंच दिसत असेल तर यातला शेरवानी कुठला, अचकन कुठली आणि बंदगळा कुठला, हे मुरलेला शिंपीसुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही. ओळख पटते ती खाली.

(कॅमेरा हळूहळू खाली.)

पाच फूट आठ इंच उंचीचा एक माणूस घेऊ. मानेच्या मागच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत त्याचं माप साधारण चाळीस इंच भरतं. याच माणसाचा बंदगळा एकोणतीस-तीस इंचांवर, म्हणजे नितंब झाकून थांबतो. अचकन गुडघ्याच्या जरा वर किंवा गुडघ्याला टेकते, छत्तीस ते चाळीस इंच. शेरवानी गुडघा ओलांडते, बेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जाते.

पण निव्वळ लांबीवर जाऊ नका. आज दुकानात गुडघ्याच्या वर थांबणारा कोटही सर्रास शेरवानी म्हणून विकतात. खरी खूण घेराची. शेरवानी कमरेत बसते आणि खाली पसरते. कापड जड, आतून पूर्ण अस्तर. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातल्या उमरावांमध्ये ती रुळली आणि तिच्यावर इंग्रजी फ्रॉक कोटाची छाप आहे. अचकन अंगालगत सरळ उतरते, कापड हलकं, घेर बेताचा. म्हणून चालताना शेरवानीचे पुढचे पदर हलतात, अचकनीचे फारसे नाहीत.

पंडित नेहरूंचं जुनं छायाचित्र आठवा. काजात गुलाब, अंगात लांब अचकन, खाली चुडीदार. आज ‘नेहरू जॅकेट’ या नावाने जे विकलं जातं ते आखूड आहे, बहुतेकदा बिनबाह्यांचं. नेहरूंचं नाव त्याला लागलं, लांबी मात्र गळून गेली.

(दृश्य: शिंप्याचं टेबल. कॉलरमध्ये बकरम बसवणारा हात.)

आता कॉलर. बंदगळ्यात सगळा कस हिचाच लागतो, कारण घेर नाही, भरतकाम नाही, नजर थेट गळ्यावर जाते. उंची साधारण दीड इंच. आत बकरम, म्हणजे कडक अस्तर. दोन्ही टोकं गळ्याच्या मध्यावर एकमेकांना भिडतात, आत एक हूक. मानेचं माप साडेपंधरा इंच असेल तर आतून सोळा इंच ठेवायचं, म्हणजे श्वास मोकळा राहतो.

चूक कशी ओळखायची? हूक लावा आणि मान खाली घाला. कॉलरची कड हनुवटीखाली रुतली, तर कॉलर उंच झाली आहे किंवा पुढचा गळा कमी खोदला आहे. मग पाठ आरशाकडे करा. मानेखाली आडवी चुणी पडली असेल तर मागचं कापड जास्त झालंय, ते कॉलर उसवून काढावं लागतं. कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली असेल, तर ती लांब झाली आहे. नुसती इस्त्री फिरवून यातलं काहीच जात नाही. ट्रायलला हे तपासल्याशिवाय माप पक्कं करू नका.

बटणं तिन्हीकडे समोर मधोमध. बंदगळ्याला पाच किंवा सहा, पोटाखाली संपणारी. शेरवानी आणि अचकन कमरेपर्यंत किंवा जरा खालपर्यंत बंद, पुढे मोकळी. भरजरी शेरवानीत बटणं पट्टीआड लपवतात, म्हणजे भरतकाम तुटत नाही. काजाभोवती आडव्या चुण्या ताणल्या, तर छाती किंवा पोट तंग आहे. लांब कोटात मात्र उभं राहून पाहणं पुरत नाही, बसूनही बघा. खालची बटणं ओढली गेली, तर कंबरेखाली पुरेसा घेर सोडलेला नाही.

(दृश्य: मांडव, मग रात्रीचा समारंभ.)

प्रसंगाची निवड यातूनच होते. शेरवानीचं वजन आणि घेर नवरदेवाला शोभतो, बोहल्यावर तो इतरांतून उठून दिसला पाहिजे. नवरदेवाच्या भावाला किंवा वडिलांना मी अचकन सुचवेन. सणासुदीला, दिवसाच्या कार्यक्रमाला ती अंगावर हलकी वाटते, खाली चुडीदार. बंदगळा पँटवर जातो, म्हणून स्वागतसमारंभ, अधिकृत जेवण, कार्यालयातला मोठा प्रसंग, सगळीकडे चालतो. आणि तो फक्त पँटचाच आहे असंही नाही. 2019 साली अभिजित बॅनर्जींनी स्टॉकहोममध्ये नोबेल स्वीकारलं ते काळ्या बंदगळ्यात, खाली पांढरं धोतर नेसून.