उपाशीपोटीचा आकडा

(नाशिकमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ रहिवाशांसमोर त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या डॉक्टरांनी केलेलं छोटं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार. माईक राहू द्या, आवाज पोचतोय. मागे बसलेल्या आजोबांना ऐकू येत नसेल तर त्यांनी हात वर करावा, म्हणजे त्यांना निदान एवढं तरी ऐकू आलं हे मला कळेल.

तुमच्यापैकी बरेच जण मला जिन्यात गाठून सांगतात, "डॉक्टर, माझी शुगर नॉर्मल आहे, दरवर्षी करतो." मी विचारतो, कोणती केली? उत्तर ठरलेलं असतं: "उपाशीपोटी." आज मला या एका उत्तराबद्दलच बोलायचं आहे. मधुमेहावर सगळं सांगायला बसलो तर जेवणाची वेळ होईल, आणि ते विषयाला शोभणार नाही.

आपल्याच सोसायटीतल्या एका काकांची गोष्ट सांगतो. त्यांना विचारूनच सांगतोय. ते इथे बसलेत, पण मी त्यांच्याकडे बघणार नाही. वय 67. प्रेसमधून निवृत्त झाले तेव्हापासून दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात उपाशीपोटीची शुगर करतात आणि सगळे रिपोर्ट फाइलला लावून ठेवतात. आकडे 98, मग 104, मग 109. प्रत्येक वेळी ते म्हणाले, सव्वाशेच्या आत आहे ना, झालं तर. वास्तविक 100 ते 125 हा पट्टा नॉर्मल नसतो. तो मधुमेहाचा उंबरठा आहे. 126 आणि पुढे गेलं की मधुमेह. पण उंबरठ्यावर उभं राहिलेल्याला आपण अजून घराबाहेरच आहोत असं वाटतं.

त्यातही काका परीक्षेचा अभ्यास करून जायचे. आठ दिवस आधी गोड बंद, आदल्या रात्री सातला मुगाची खिचडी, सकाळी लॅबपर्यंत पायी. अशी तपासणी केली की त्या आठ दिवसांची शिस्त तपासली जाते, उरलेल्या वर्षाचं काही कळत नाही.

मधल्या काळात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींना त्यांच्याकडे कारण तयार होतं. चष्म्याचा नंबर चार महिन्यांत दोनदा बदलला, तेव्हा चष्मेवाल्याला दोष दिला. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागायचं, त्याला प्रोस्टेट जबाबदार. ते कारण अर्धं खरंही होतं, गोळी चालू होती. आणि जांघेतली खाज मलम लावलं की जायची, पंधरा दिवसांनी परत यायची. ते मला दाखवायलाही ते लाजत होते. शेवटी काकूंनी ओढून आणलं.

मी त्यांना म्हटलं, काका, या वेळी अभ्यास न करता या. रोजचंच जेवा. उपाशीपोटी 114 आली. नंतर घरी जाऊन नेहमीचा नाश्ता केला, पोहे आणि साखरेचा चहा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी परत रक्त दिलं: 231. सोबत एचबीएवनसी केली, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. ती 7.3. साडेसहाला आणि त्यापुढे मधुमेह धरतात. पोह्यांवरच्या आकड्यावरून निदान पक्कं करत नाहीत, कारण कुणाचे पोहे बशीभर असतात, कुणाचे ताटभर. म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजलं आणि दोन तासांनी तपासलं. तिथे 140 च्या आत हवं, 200 आणि पुढे मधुमेह. त्यांची 244 निघाली. आता शंकेला जागा नव्हती.

काका फाइल उघडून मला 98, 104, 109 दाखवत होते. म्हणाले, हे खोटं होतं का मग? खोटं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं ते खरं उत्तर होतं, प्रश्नच अपुरा होता.

आपण नाशिककर पूर कशावर मोजतो? दुतोंड्या मारुतीवर. पाणी पायाशी आलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत चढलं. आता कुणी मे महिन्यात रामकुंडावर जाऊन मारुतीचे कोरडे पाय बघितले आणि "गोदावरीला पूर येत नाही" म्हणाला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? उपाशीपोटीची शुगर म्हणजे मे महिन्यातली नदी. रात्रभर पोटात काही नसतं. यकृत हळूहळू सोडतं तेवढीच साखर रक्तात असते, आणि तेवढी सांभाळायला थकलेलं स्वादुपिंडही पुरतं. खरी परीक्षा धरणातून पाणी सोडल्यावर होते, म्हणजे जेवल्यावर. तेव्हा इन्शुलिन झटकन आणि भरपूर लागतं. वय वाढतं तसा हा झटकेपणा कमी होतो. शिवाय जेवणातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू, आणि साठीनंतर मांड्या-दंड बारीक होत जातात. साखर ठेवायची कोठी लहान झाली, धान्य तेवढंच येतंय. म्हणून या वयात पुष्कळदा आधी जेवणानंतरची शुगर चढते. उपाशीपोटीची मागाहून, कधी काही वर्षांनी.

"पण मग तहान लागेल, लघवी वाढेल, कळेलच की!" हा दुसरा भरवसा. चाळिशीत तो थोडाफार खरा असतो. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीत सोडू लागतं, तिच्यामागे पाणी जातं आणि मग तहान लागते. वयाबरोबर मूत्रपिंडाची ही मर्यादा वर सरकते, 200 झाली तरी लघवीत साखर उतरत नाही. त्यात म्हातारपणी तहानेची जाणीवच बोथट होते. थोडक्यात, गजर वाजवणारे दोघेही पेंगतात. उरतात त्या काकांसारख्या बारीक तक्रारी: बदलता नंबर, परत परत येणारी खाज, न भरणारी जखम, खांदा आखडणं, उगाच थकवा. आणि प्रत्येक तक्रारीवर आपलं एकच औषध, "वय झालं आता."

निदान झाल्यावर काकांचे डोळे आणि लघवी तपासली, पायही बघितले. दृष्टिपटलावर अगदी सुरुवातीचे डाग होते. लघवीत प्रथिन जायला लागलं होतं: 30 च्या आत हवं तिथे 62. पायाच्या तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून विचारतो, कळतंय का. उजव्या अंगठ्याला कळलं नाही. यातलं काहीही दुखत नव्हतं, आणि काही एका महिन्यात झालेलंही नव्हतं. फाइलमध्ये 104 आणि 109 लागत होते तेव्हाच ते सुरू झालं असणार. तपासणीचा फायदा विचाराल तर तो इथे आहे. डोळ्यातले हे डाग आणि लघवीतलं प्रथिन या टप्प्यावर थोपवता येतं. पायाची गेलेली जाणीव मात्र फारशी परत येत नाही, तिथे आम्ही फक्त आणखी जाऊ नये एवढं बघतो. दोन वर्षं आधी दोन तासांनंतरचं रक्त घेतलं असतं तर कदाचित अंगठ्याला धागा कळला असता. हे मी त्यांनाही सांगितलंय.

मूत्रपिंडाचं काम ठीक आहे हे रक्तातून पाहून मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली. रात्रीच्या तीन पोळ्या आणि वर भात, त्यातला भात गेला. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, तेही आवारातच. तीन महिन्यांनी एचबीएवनसी 6.7, जेवणानंतरची 168. रात्री आता एकदाच उठतात, प्रोस्टेटची गोळी आहे तीच आहे.

एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही आणि आठ दिवसांच्या अभ्यासाने ती फारशी हलत नाही, म्हणून मला ती आवडते. पण तिच्यावरही डोळे झाकून विसंबू नका. लोह कमी असलेल्या पंडुरोगात ती खोटी वाढते. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेलसारखा रक्ताचा आजार असेल, तर तिच्यावरून काही ठरवता येत नाही. तेव्हा दोन तासांचा आकडा हवाच. आणि गुडघ्यात किंवा खांद्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवडे थांबा, त्या दिवसांत कुणाचीही शुगर वर जाऊ शकते.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाला एक विचारत जा: फ्लोराईडच्या नळीत घेतलंस ना? तिचं टोपण करड्या रंगाचं असतं. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात. तो मुलगा सिडकोतून इंदिरानगर, तिथून नाशिक रोड करत दोन-तीन तासांनी लॅबला पोचला, तर तुमचे 130 चे 115 झालेले असतात आणि तुम्ही पेढे वाटता. घरच्या मशीनचं उलटं. द्राक्षं खाल्लेल्या बोटाला तसंच टोचलं तर आकडा भलताच येतो. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आणि निदान घरच्या मशीनवर करायचं नाही, ते लॅबमधल्या शिरेच्या रक्तावरच.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मघाशी विचारलं, "मी 81 ची. मला आता कशाला हे?" आजी, तुम्हीही करायची, पण तुमचा हिशोब वेगळा. तुमची एचबीएवनसी साडेसात-आठ राहिली तरी मी गोळ्या वाढवणार नाही. तुम्हाला जास्तीपेक्षा कमी झालेल्या साखरेची भीती मोठी. 70 च्या खाली गेली, पहाटे चक्कर आली, न्हाणीघरात पडलात, खुबा मोडला, तर त्या गोळीने केलेलं सगळं पाण्यात. चाळिशीतल्या नातवाचा आकडा आजीला लावायचा नसतो.

किती वेळा करायची? दोन्ही आकडे चांगले असतील तर वर्षातून एकदा. उंबरठ्यावर असाल तर सहा महिन्यांनी. दर आठवड्याला बोट टोचून वहीत लिहिणाऱ्यांनी, मधुमेह नसेल तर, तो वेळ नातवंडांना द्यावा.

रविवारी सकाळी साडेसातला इथेच लॅबचा माणूस बसणार आहे. आठ-दहा तास उपाशी या, पाणी चालेल, रक्तदाबाची गोळी चुकवू नका. पहिलं रक्त दिलं की घरी जाऊन नेहमीचा नाश्ता करा, पहिल्या घासाला घड्याळ बघा, दोन तासांनी परत या. मधल्या दोन तासांत ट्रॅकवर पाच फेऱ्या मारून यायचं नाही, हे मी काही विशिष्ट लोकांकडे बघून सांगतोय.

काय म्हणालात काकू? रविवारी मिसळ असते? मग मिसळच खा. पाव रोज जितके घेता तितकेच, वरची जिलेबीही रोज खात असाल तरच. फक्त किती पाव खाल्ले ते दुसऱ्या रक्ताच्या वेळी मला खरं सांगा. काकांना विचारू नका, ते दोन कमी सांगतील.